‘कुठे उतरणार?’ : न मागता मागण्याच्या गमती

संध्याकाळची पनवेल लोकल कुर्ल्याला लागते. महिलांच्या डब्यात चढलेली एक बाई दोन पर्सा आणि एक टिफिन चुकवत आत सरकते आणि खिडकीशी बसलेल्या बाईंना विचारते, “कुठे उतरणार?” त्या म्हणतात, “वाशी.” पहिली मान हलवते आणि त्यांच्या गुडघ्यांपाशी उभी राहते. चेंबूर, गोवंडी, मानखुर्द मागे पडतात. खाडीच्या पुलावर आणखी कुणी विचारलं, तर बसलेल्या बाई स्वतःच सांगतात, “यांना सांगून ठेवलंय.”

सगळा व्यवहार पुरा झाला. जागेचा शब्द मागितला गेला, दिला गेला आणि तिसरीपासून राखलाही गेला. ‘जागा’ हा शब्द मात्र कुणी उच्चारला नाही. विनंतीचं एक क्रियापदही आलं नाही. मग विनंती झाली कुठे? भाषेच्या तत्त्वज्ञानात गेली सत्तर वर्षं चघळला जाणारा हा प्रश्न हार्बर लाइनवर रोज हजारदा सुटतो. तो कसा सुटतो, याच्याच या काही चटपटीत गोष्टी.

बोलणं, बोलण्यात, बोलण्यानं

जॉन लँगशॉ ऑस्टिन हे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात होते आणि नॉर्मंडीच्या चढाईसाठी माहिती जुळवण्याचं काम त्यांनी केलं होतं. १९५५ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानमाला दिली. १९६० मध्ये ते वारले आणि १९६२ मध्ये त्या व्याख्यानांचं पुस्तक निघालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माणूस बोलतो तेव्हा तो नुसतं जगाचं वर्णन करत नाही, काहीतरी करतो. वचन देतो, पैज लावतो, माफी मागतो, बजावतो. आणि प्रत्येक बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत असतात.

पहिली लोक्युशनरी, म्हणजे अर्थ असलेले शब्द उच्चारणं. दुसरी इलोक्युशनरी, म्हणजे ते शब्द उच्चारण्यात जी कृती झाली ती : विनंती, हुकूम, ताकीद, कबुली. तिसरी परलोक्युशनरी, म्हणजे त्या बोलण्यानं समोरच्यावर जो परिणाम झाला तो : तो उठला, घाबरला, त्याला पटलं, तो चिडला.

ही नावं तोंडात बसत नाहीत, हे खरं. पण मराठी माणसाला ती लक्षात ठेवायची गरज नाही, कारण आपल्या विभक्त्या हे काम करतात. बोलणं, ही प्रथमा. बोलण्यात, ही सप्तमी. बोलण्यानं, ही तृतीया. डब्यातल्या बाईंचं बोलणं हा स्टेशन विचारणारा प्रश्न होता. त्या बोलण्यात जागेची विनंती होती. त्या बोलण्यानं वाशीला जागा मिळाली.

तिन्ही एकमेकींपासून सुट्या होऊ शकतात, आणि गंमत तिथेच आहे. डब्यात नवखी पाहुणी असेल तर तीच वाक्यं होतात, पण विनंती होत नाही. तिला वाटतं, गप्पा सुरू झाल्या. ती म्हणते, “नेरूळ, आणि तुम्ही?” किंवा विनंती नीट पोचते, शब्दही मिळतो, पण वाशीला गर्दीचा लोंढा असा येतो की जागा तिसरीच पटकावते. बोलणं झालं, बोलण्यात जे करायचं ते झालं, बोलण्यानं जे व्हायचं ते राहिलं.

‘बेलापूर’ म्हणजे हो की नाही?

ऑस्टिनचे विद्यार्थी अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ च्या पुस्तकात विनंतीच्या अटी मांडल्या. विनंती समोरच्याच्या पुढच्या एखाद्या कृतीबद्दल हवी. ती कृती त्याला शक्य हवी. न सांगताही तो ती करणारच आहे, असं उघड दिसत नसावं. मागणाऱ्याला ती खरोखर हवी असावी. आणि हे बोलणं म्हणजे त्याच्याकडून ती कृती करवून घेण्याचा प्रयत्न आहे, असं दोघांनी धरायला हवं.

१९७५ मध्ये त्यांनी आडून केलेल्या विनंतीवर स्वतंत्र लेख लिहिला. त्यातलं निरीक्षण साधं आणि फार कामाचं आहे : आडून मागणारा माणूस बहुतेक वेळा यांपैकीच एखाद्या अटीला हात घालतो. ‘जमेल का?’ असं विचारून शक्यतेला, ‘मला हवं होतं’ असं सांगून इच्छेला, ‘देशील का?’ असं विचारून पुढच्या कृतीला. अटीचा उल्लेख झाला की ऐकणारा बाकीचं स्वतः जुळवतो.

आता हे लोकलमध्ये लावून बघा. “कुठे उतरणार?” हा प्रश्न नेमक्या कुठल्या अटीला हात घालतो? शक्यतेच्या. माझं स्टेशन यायच्या आत तुमची जागा रिकामी होणं शक्य आहे का, एवढंच तो विचारतो. आणि विनंती ‘उठा’ अशी नाहीच. उठणार तर त्या बाई आहेतच. विनंती आहे ती ‘उठाल तेव्हा ही जागा माझ्याकडे येऊ द्या’ अशी. म्हणून ‘न सांगताही करणारच’ ही अट आड येत नाही. जागा रिकामी होणार हे उघड आहे, कुणाला मिळणार हे नाही.

याहून मजेदार भाग उत्तराचा. समजा उत्तर आलं, “बेलापूर.” विचारणारी पनवेलची असेल तर हा होकार आहे. बेलापूरनंतर खारघर, मानसरोवर, खांदेश्वर आणि पनवेल, एवढं तरी बसायला मिळेल. विचारणारी नेरूळची असेल तर हाच शब्द नकार आहे, कारण नेरूळ बेलापूरच्या आधी येतं. आणि उत्तर देणाऱ्या बाईंना विचारणारीचं स्टेशन माहीतच नाही! म्हणजे त्यांनी खरं उत्तर दिलं, पण आपण विनंती मान्य केली की नाकारली, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नसतं. ते ठरतं पुढच्या हालचालीवर. विचारणारी तिथेच पाय रोवून उभी राहिली तर होकार. ती पुढच्या बाकाकडे वळली तर नकार, आणि तोही कुणाचं मन न दुखवता.

समोरच्यानं कृती ओळखून ती उचलून धरणं ऑस्टिनना फार महत्त्वाचं वाटे. हे ओळखणं झालं नाही तर कृती अपुरी राहते, असं त्यांचं मत होतं. मला हे मत डब्यात दोन्ही बाजूंनी खरं दिसतं. बसलेलीनं प्रश्नातली विनंती ओळखायची, आणि उभ्या असलेलीनं उत्तरातला शब्द ओळखायचा. एकदा दोघींची ओळख पटली की त्या ‘वाशी’ला वचनाचं वजन येतं. मग बाईंनी वाशीला उठताना शेजारच्या मैत्रिणीला जागा दिली तर ती चक्क तक्रारीची बाब होते. नुसती माहिती दिली असती तर तक्रार कसली? माहिती तर खरीच होती.

“हो” म्हणून गप्प बसणारा

“किती वाजले सांगाल का?” “हो.” आणि पुढे शांतता. शाळेतली पोरं हा खेळ फार आवडीनं खेळतात. त्यात विनोद का आहे? प्रश्नाला उत्तर तर मिळालं. पण बोलण्यात जे मागितलं, त्याला मिळालं नाही.

हर्बर्ट क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी हाच खेळ संशोधनाच्या पातळीवर नेला. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्याखुऱ्या दुकानदारांना फोन करून दुकान बंद होण्याची वेळ वेगवेगळ्या घाटाच्या वाक्यांनी विचारली होती. काहींनी नुसती वेळ सांगितली. काहींनी आधी ‘हो’ म्हटलं आणि मग वेळ सांगितली. हा ‘हो’ मोलाचा पुरावा आहे. दुकानदारानं वरचा प्रश्नही ऐकला आणि आतली विनंतीही, आणि दोन्हींना ओळीनं उत्तरं दिली. विनंतीचा साचा जितका रुळलेला, तितका हा ‘हो’ गळून पडण्याकडे कल होता.

त्याच अभ्यासात रेस्टॉरंटांनाही फोन गेले. ‘अमेरिकन एक्स्प्रेस कार्ड चालतं का?’ असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी होय-नाही एवढंच उत्तर आलं. ‘कुठलं क्रेडिट कार्ड चालतं का?’ असं विचारलं तर लोक कार्डांची नावं सांगायला लागले. दोन्ही प्रश्नांचं व्याकरण एकच. पण पहिला माणूस आपलं कार्ड हातात धरून बसला आहे, त्याला होय-नाही पुरे. दुसऱ्याला ‘हो’ म्हणून चालणार नाही, त्याला यादी लागणार. ऐकणारा वाक्य सोडवत नव्हता, बोलणाऱ्याचं काम काय आहे हे ओळखत होता. वाशीच्या एखाद्या दुकानात फोन करून “यूपीआय घेता का?” आणि “कुठलं पेमेंट ॲप चालतं का?” असे दोन्ही प्रश्न विचारून पाहा. फरक लगेच कळेल.

‘जरा’ची कसोटी

आडून विनंतीचे सगळे साचे सगळ्या भाषांत चालतात का? सर्लना वाटलं होतं की अटींचं गणित सगळीकडे सारखं आहे. पण त्यांनीच नोंदवलं की काही इंग्रजी साचे चेकमध्ये शब्दशः नेले तर विचित्र वाटतात. मराठीचं काय, हे आपण घरबसल्या तपासू शकतो, आणि त्यासाठी आपल्याकडे एक छोटं अचूक साधन आहे : ‘जरा’.

लोकलच्या खिडकीतून पाऊस आत येतोय. “जरा खिडकी लावता का?” एकदम मराठी. “जरा खिडकी लावाल का?” थोडं जास्त अदबीनं. आता “तुम्हांला खिडकी लावता येते का?” हे वाक्य बघा. ते शक्यतेलाच हात घालतं, म्हणजे सर्लच्या हिशोबानं ते विनंती व्हायला हवं. प्रत्यक्षात समोरचा दुखावतो, कारण त्यात त्याच्या कौशल्याची चौकशी आहे. त्यात ‘जरा’ घालून पाहा. “तुम्हांला जरा खिडकी लावता येते का?” वाक्य कानाला खटकतं. तेच “जरा खिडकी लावता येईल का?” असं म्हटलं की काळ बदलला आणि वाक्य सरळ झालं. चौकशी कौशल्याची न राहता या घडीच्या सोयीची झाली.

‘जरा’ जिथे बिनबोभाट बसतो तिथे विनंती त्या साच्यात मुरलेली असते. जिथे अडतो तिथे ऐकणाऱ्याला ती स्वतः शोधून काढावी लागते. “पाऊस आत येतोय” हे वाक्य घ्या. ते विनंती म्हणून उत्तम चालतं, पण “पाऊस जरा आत येतोय” म्हटलं की ‘जरा’चा अर्थ ‘थोडासा’ होतो, विनंतीशी त्याचा संबंध राहत नाही. म्हणजे आडून विनंत्यांच्या दोन जाती झाल्या : साच्यानं बांधलेल्या आणि नुसत्या सुचवलेल्या. जेरी मॉर्गन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये असा भेद केला होता की पहिल्या जातीत तर्काची वाट तत्त्वतः असते, पण वापरून वापरून लोक आता ती चालत नाहीत, थेट मुक्कामी पोचतात. मला मराठीच्या बाबतीत हेच पटतं. “लावाल का?” ऐकून कुणी अटींचा हिशोब करत बसत नाही, हात आधीच खिडकीकडे गेलेला असतो.

ऑफिसांतून हल्ली “तुम्ही मला फाइल पाठवू शकता का?” असं सर्रास ऐकू येतं. ते चालतं, कारण ऐकणाऱ्याला इंग्रजी साचाही माहीत असतो. ऐकणारा जर खालापूरचे आजोबा असतील तर ते प्रामाणिकपणे सांगतील, “पाठवू शकतो की. पाठवू का?”

याची नोंद घ्यावी

हाउसिंग सोसायटीच्या फलकावर हा साचा हमखास सापडतो. ‘सोमवारी सकाळी टाकी धुतली जाणार आहे. सर्व सभासदांनी याची नोंद घ्यावी.’ शब्दांत विनंती आहे ती फक्त नोंद घेण्याची. बोलण्यात मात्र सूचना आहे : रविवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. परिणाम तिसराच असतो. रविवारी रात्री सगळे एकदम नळ सोडतात आणि वरच्या मजल्यांवर पाणी पोचत नाही. तीन पातळ्या वेगवेगळ्या दिशांना गेल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला पुस्तकांतही सापडत नाही.

सूर्य मावळला

आडून बोलण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. अकराव्या शतकातल्या मम्मटानं ‘काव्यप्रकाश’च्या पाचव्या उल्लासात ‘सूर्य मावळला’ एवढं एकच वाक्य घेतलं आणि ते कोण कुणाला म्हणतो यावर त्यातून काय काय निघतं, याची यादीच दिली. कुणासाठी ते शत्रूवर चालून जायची वेळ झाल्याचं सांगणं आहे, कुणासाठी काम थांबवायचं, कुणासाठी संध्येला बसायचं, कुणासाठी गाईगुरं आत घ्यायची, दुकानदारासाठी माल आवरायचा. वाच्यार्थ सगळ्यांना एकच, व्यंग्यार्थ ऐकणाऱ्यागणिक वेगळा.

मम्मटाचा सगळा रोख अर्थावर आहे : हा जास्तीचा अर्थ शब्दाच्या कोणत्या शक्तीनं येतो? ऑस्टिनचा प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे : हा अर्थ पोचवून बोलणाऱ्यानं केलं काय? हुकूम केला, आठवण दिली की विनंती केली? ‘गुरं आत घ्या’ हा व्यंग्यार्थ मालकानं गुराख्याला कळवला तर तो हुकूम, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला कळवला तर आठवण. अर्थ तोच, कृती वेगळी. दोन्ही शास्त्रांची सांधेजोड नेमकी इथे होते, आणि मराठीत यावर अजून बरंच लिहिण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

आडून बोललं की नम्र?

असं आपण धरून चालतो, पण ते तपासलं गेलं आणि टिकलं नाही. शोशाना ब्लूम-कुल्का यांनी हिब्रू आणि इंग्रजी बोलणाऱ्यांकडून विनंत्यांची प्रतवारी करून घेतली. १९८७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की सर्वांत आडून केलेल्या सूचक विनंत्या सर्वांत नम्र ठरल्या नाहीत. तो मान ‘कराल का?’ छापाच्या रुळलेल्या साच्यांना मिळाला. कारण सूचक बोलणं ऐकणाऱ्यावर ओझं टाकतं. त्यानं आधी ओळखायचं आणि मग करायचं.

घरातलं उदाहरण घ्या. सासूबाई म्हणतात, “दूध संपलेलं दिसतंय.” सुनेला यात आणून देण्याची विनंती ऐकू येईल, लक्ष न ठेवल्याबद्दलचा टोला ऐकू येईल, किंवा नुसती बातमी. तिन्हींपैकी कशालाही उत्तर दिलं तरी सासूबाई म्हणू शकतात, “मी तसं कुठे म्हटलं?” “येताना दूध आणशील का गं?” यात ही पळवाट नाही आणि म्हणूनच ते जास्त सोज्वळ आहे. सूचक विनंतीचा हा गुण, म्हणजे नंतर हात झटकता येणं, पुढे लाचेच्या गोष्टीत फार महागात पडतो.

नियमपुस्तकात बसलेली आडून विनंती

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताच्या महिला संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६. दीप्ती शर्मानं पाच बळी घेतले. त्या रात्री मैदानात वारंवार ओरडली गेलेली “हाउज दॅट?” ही हाक म्हणजे जगातली बहुधा एकमेव आडून विनंती, जिचा अर्थ लेखी नियमानं बांधून दिला आहे.

क्रिकेटचा ३१ वा नियम पूर्ण अपिलाचा आहे. क्षेत्ररक्षकानं अपील केल्याशिवाय पंच कुणालाही बाद देऊ शकत नाही, फलंदाज नियमानुसार बाद असला तरीही. तो स्वतःहून चालू लागला तर गोष्ट वेगळी. शब्दांत ‘हे कसं काय?’ असा मोघम प्रश्न. पण नियम म्हणतो, या एका प्रश्नात बाद होण्याचे सगळे प्रकार आले. पायचीत मागितलं आणि झेल निघाला, तरी वेगळं विचारायला नको.

विनंतीच्या अटीही त्यात लिहिलेल्या आहेत. गोलंदाजानं पुढच्या चेंडूसाठी धावायला सुरुवात करण्याआधी अपील व्हायला हवं. नंतर कितीही ओरडलात तरी ते अपील नाही, नुसता आवाज. शब्द तेच, घसा तोच, पण कृती घडलीच नाही. ऑस्टिन अशा फसलेल्या बोलण्यांना ‘खोटं’ म्हणत नसत, ‘अडलेलं’ मानत. मैदानावर हे इतकं स्पष्ट दिसतं की दुसरं उदाहरण शोधावंसं वाटत नाही.

आणि बोलण्यात काय झालं व बोलण्यानं काय झालं, यातला फरकही इथेच उजेडात येतो. अपील मागे घेता येतं. जुलै २०११ मध्ये नॉटिंगहॅमला इयान बेल १३७ वर धावबाद दिला गेला होता. तो चौकार झाला असं समजून चहापानाला निघाला होता. चहापानाच्या वेळेत महेंद्रसिंग धोनीनं अपील मागे घेतलं आणि बेल परत खेळायला आला, १५९ वर बाद झाला. केलेली विनंती पंचाच्या संमतीनं रद्द झाली, जणू केलीच नव्हती. पण त्या अपिलानं प्रेक्षकांत जो राग उसळला होता, तो रद्द करण्याची सोय कुठल्याही नियमात नाही. कृती नियमानं उभी राहते, म्हणून नियमानं मोडता येते. परिणाम नियमानं उभा राहत नाही.

रुमालाखाली

वाशीच्या एपीएमसी फळबाजारात आंब्याचा भाव पूर्वापार रुमालाखाली ठरत आला. विकणारा आणि घेणारा कापडाखाली हात मिळवतात आणि बोटं दाबून आकडे कळवतात. आजूबाजूच्यांना काहीच कळत नाही. या पद्धतीवर पारदर्शकतेच्या मुद्द्यावरून टीकाही खूप झाली. आपल्या विषयासाठी तिचं मोल वेगळं आहे. इथे उच्चार शून्य आहे, तरी प्रस्ताव, नकार आणि स्वीकार तिन्ही होतात आणि पाळले जातात.

“आमचंही काही बघा”

आता शेवटची गोष्ट, जिथे आडून विनंतीवर तुरुंगवास अवलंबून असतो.

लाच मागणारा सहसा ‘इतके रुपये द्या’ म्हणत नाही. “साहेबांना भेटून घ्या.” “चहापाण्याचं काय?” “फाइल जड आहे, वजन ठेवावं लागेल.” हे सगळे सूचक साचे आहेत, आणि ते निवडले जातात ते हात झटकता यावेत म्हणूनच. पण हे गुन्हे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली येतात. त्याखालच्या खटल्यांत न्यायालयं वारंवार एक गोष्ट विचारत आली : पैसे सापडले ठीक, पण मागणी कुठे आहे? नुसती नोटांची जप्ती पुरेशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बी. जयराज खटल्यात म्हटलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, बोलण्यानं झालेला परिणाम दाखवून बोलण्यातली कृती सिद्ध होत नाही. पैसे उसनवारीच्या परतफेडीचे असू शकतात, खिशात कोंबलेले असू शकतात.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची कामाची रीत याच फटीभोवती बेतलेली आहे. १०६४ या क्रमांकावर किंवा कार्यालयात तक्रार आली की लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी होते. तक्रारदाराला रेकॉर्डर देऊन पंचासोबत पुन्हा त्या कर्मचाऱ्याकडे पाठवलं जातं आणि तो खरोखर मागतो का, हे ऐकलं जातं. मग सापळा, मग पावडर लावलेल्या नोटा. पावडर एवढंच सांगते की हातानं नोटा घेतल्या. मागणी झाली का, हे पावडर सांगू शकत नाही. ते पडताळणीतल्या संभाषणालाच सांगावं लागतं.

एक नमुना संभाषण घेऊ, माझ्या मनानं रचलेलं. अर्जदार विचारतो, “दाखला कधी मिळेल?” कर्मचारी म्हणतो, “मिळेल हो, आमचंही काही बघा.” इथे थांबलं तर बचावाचा वकील म्हणेल, याचा अर्थ काहीही होतो. पण अर्जदार पुढे विचारतो, “किती बघू?” आणि कर्मचारी म्हणतो, “मागच्यांनी पाच दिले.” आता ‘किती’ या प्रश्नाला आकड्यानं उत्तर आलं. कर्मचाऱ्याला पैशांबद्दल बोलायचं नसतं तर इथे तो दचकला असता, ‘किती म्हणजे?’ असं विचारलं असतं. त्यानं तसं केलं नाही. आपल्या आधीच्या वाक्यातली मागणी समोरच्यानं ओळखली, आणि त्या ओळखीला त्यानं आकडा देऊन मान्यता दिली. सुटं वाक्य संदिग्ध होतं. चार वाक्यांची साखळी तितकी संदिग्ध नाही. म्हणूनच पडताळणीत एकच वाक्य टिपून भागत नाही, आधीचं आणि नंतरचं बोलणंही लागतं.

१५ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नीरज दत्ता खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. मागणी आणि स्वीकार सिद्ध होणं अनिवार्य आहे, हे पीठानं कायम ठेवलं. पण मागणीचा थेट पुरावा नसेल तर परिस्थितीजन्य पुराव्यावरून तिचा निष्कर्ष काढता येतो, असंही सांगितलं. तक्रारदार मरण पावला किंवा साक्षीत उलटला तरी खटला आपोआप कोसळत नाही, मागणी दुसऱ्या साक्षीदारांकडून आणि परिस्थितीवरून सिद्ध करता येते. मागणारा म्हणतो मी मागितलंच नाही, ज्याच्याकडे मागितलं तो गप्प आहे, उच्चारलेल्या शब्दांत मागणीचा शब्द नाही, आणि तरीही ती मागणी झाली होती, हे कायद्यानं ठरवता येतं.